ती शेवटची ओळ

मॅडमचं उत्तर येऊन आज वीस दिवस झाले. उत्तर तसं चांगलंच आहे. कुणाला दाखवलं तर म्हणतील, यात बिनसलंय काय? पण मला ते रोज एकदा उघडून बघावंसं वाटतं आणि बघितलं की घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

त्यांनी नोकरी बदलली हे मला लिंक्डइनवर कळलं. चार वर्षं त्यांच्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक रिलीजचं मॅन्युअल मी बाहेरून लिहून दिलं, आणि त्या गेल्याचं मला इतर शेकडो लोकांसोबत कळावं, याचंच आधी वाईट वाटलं. (तेही राहू दे. नोटीस पिरियडमध्ये माणूस कुणाकुणाला सांगत बसणार?) मी त्याच दिवशी लिहिलं. मनापासून लिहिलं. त्या मोठ्या रिलीजच्या आदल्या रात्री स्क्रीन बदलल्या होत्या आणि आम्ही दोघींनी फोनवर बसून एकेक पान तपासलं होतं, ती आठवण लिहिली. नव्या जागी त्यांना असंच मन लावून काम करणारी माणसं मिळोत, असंही लिहिलं. मग सगळ्यात शेवटी बोटं थांबली नाहीत आणि ही ओळ पडली: ‘तुमच्या नव्या टीममध्ये लिखाणाचं काही काम असेल तर नक्की कळवा.’

त्यांचं उत्तर: ‘खूप धन्यवाद! सध्या तरी तसं काही नाहीये, असेल तर कळवते. इकडे घर बदलायची धावपळ चालू आहे.’

सध्या तरी तसं काही नाहीये. ही माझीच कमाई. आधीच्या आठ-दहा ओळी खऱ्या होत्या, पण ही ओळ आल्यावर त्या सगळ्या तिच्याकडे जाणारी वाट होऊन बसल्या. मी त्या जागी असते तर मलाही हेच वाटलं असतं, की हिला काम हवंय म्हणून अभिनंदन आलंय. आणि मला काम हवं होतंच ना? ते नाकारता येत नाही. मग अभिनंदन खोटं होतं का? नव्हतं. या दोन वाक्यांमध्येच मी वीस दिवस येरझाऱ्या घालतेय.

काल दादाला सांगितलं. तो स्वतः दोनदा नोकरी बदलून बसलाय, म्हणून त्याला पलीकडची बाजू माहीत. तो म्हणाला, ‘तू विचारलंस ते चुकलं नाही. तू तिला उत्तर द्यायला लावलंस, ते चुकलं.’ मला आधी कळलंच नाही. मग तो समजावत गेला.

नव्या जागी गेलेल्या माणसाच्या हातात पहिले काही महिने काहीच नसतं. पद मोठं असलं तरी बजेट आधीच्या माणसाने ठरवलेलं असतं, व्हेंडर आधीचेच असतात, कुठल्या कागदावर कुणाची सही लागते हे त्याचं त्यालाच शोधावं लागतं. स्वतः प्रोबेशनवर असताना दुसऱ्याच आठवड्यात आपल्या जुन्या ओळखीचं नाव पुढे केलं तर ‘आली आपली माणसं घेऊन’ असं होतं. शिवाय पुष्कळ करारांमध्ये जुन्या कंपनीची माणसं किंवा ग्राहक ठरावीक मुदतीत ओढून न्यायचे नाहीत अशी अट असते. ती बाहेरून काम करणाऱ्याला लागू होते की नाही हे त्या त्या कराराच्या शब्दांवर असतं, पण नवा माणूस शंकेला जागाच ठेवत नाही. ‘म्हणजे त्या वेळी मला कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही असंच असणार,’ दादा म्हणाला. ‘आणि एकदा नाही लिहिलं की पुढे काम निघालं तरी तुला फोन करायला मलाच अवघड वाटणार. आपला नकार आपणच कसा मोडायचा?’

हे मला लागलं. मी दार वाजवलं नाही, मी त्यांच्याकडून ते लावून घेतलं.

आणि मला हे माहीत नव्हतं असं नाही, याचा जास्त त्रास होतो. सरांच्या वेळी, म्हणजे आधी ज्यांच्या कंपनीसाठी मी असंच लिहायचे ते नोकरी बदलून गेले तेव्हा, मी हे सगळं नीट केलं होतं. तेव्हा हातात कामं होती, म्हणून असेल. गरज असली की माणसाचं वेळेचं भान सुटतं.

सरांनी कंपनी बदलली तेव्हा मी बारा दिवस काहीच लिहिलं नाही. नव्या नोकरीची बातमी टाकली की पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार बटणं दाबून पाठवलेल्या एकसारख्या अभिनंदनांचा ढीग पडतो, आणि माणूस सगळ्यांना एकच हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळा होतो. त्यात माझंही गेलं असतं. बारा दिवसांनी ढीग ओसरला होता. त्यांच्या नव्या ऑफिसचा ईमेल अंदाजाने बनवता आला असता, पण तसं केलं नाही. तिथली पेटी त्यांच्या एकट्याची नसते, आणि जुना पत्ता तर बंद झालेला असतो किंवा त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडे वळवलेला. म्हणून आम्ही आधी जिथे बोलायचो तिथेच, त्यांच्या स्वतःच्या फोनवर लिहिलं. मेसेज अजून आहे:

‘सर, नव्या जबाबदारीबद्दल मनापासून अभिनंदन. एरर मेसेजमध्ये काय चुकलं एवढंच नको, पुढे काय करायचं तेही हवं, असं तुम्ही म्हणायचात. मी अजून प्रत्येक पान तसंच तपासते. इंजिनांकडून थेट रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरकडे गेलात, सगळ्यात वेगळं काय वाटतंय?’

एवढंच. त्यांचं एक वाक्य, जे मला खरंच उपयोगी पडलं होतं. आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर द्यायला त्यांना कुणाला विचारायला लागणार नव्हतं, काही ठरवायला लागणार नव्हतं. जुनी कंपनी का सोडली हे विचारलं नाही. माणूस कधी आपणहून निघतो, कधी निघायला लागतो, ते बाहेरून दिसत नाही.

त्यांचं उत्तर चार दिवसांनी आलं, लांबलचक, आणि शेवटी ‘तुमचं काय चाललंय?’ मला वाटतं हीच खूण. समोरच्याने उलट प्रश्न विचारला की बोलणं सुरू झालं. नुसतं ‘धन्यवाद’ आलं तर ते तिथे ठेवून द्यायचं. मी माझ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, काय शिकतेय ते, आणि थांबले. सात आठवडे काहीच नाही. मग मदत-पानांच्या तपासणीसाठी मी माझ्यापुरती एक पानाची यादी केली होती ती त्यांना पाठवली, ‘तुमच्या त्या वाक्यावरूनच सुरुवात केली’ असं सांगून. यादी माझी होती. जुन्या कंपनीसाठी बनवलेला शब्दसंग्रह जास्त कामाचा होता, पण तो त्या कंपनीचा, तो पाठवला असता तर सरांनी मला पुन्हा कुठे उभं केलं नसतं.

विचारलं ते पाचव्या महिन्यात, आणि सरळ विचारलं. ‘सर, तुमच्याकडे मॅन्युअलचं काम कोण बघतं? मला त्यांच्याशी बोलायला आवडेल.’ तोवर तिथे कोण काय बघतं हे त्यांना माहीत झालं होतं. ‘काम द्या’ म्हटलं असतं तर हो किंवा नाही एवढंच उरलं असतं, या प्रश्नाला नुसतं एक नाव पुरलं. ते त्यांनी दिलं. व्हेंडर म्हणून नोंदणी व्हायला आणखी दोन महिने गेले, आणि पहिलं काम बावीस पानांचं होतं. असं सावकाश झालं ते सगळं.

पुष्कळ वर्षांपूर्वी वाचलेलं एक संशोधन आज पुन्हा काढलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ सालचा, दुबळ्या ओळखींच्या ताकदीबद्दलचा लेख. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, ज्याच्याकडून कळलं त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? वरचेवर भेटणारे जेमतेम १६.७ टक्के निघाले. अधूनमधून ५५.६, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८. त्यात जुने सहकारी, जुने साहेब होते, ज्यांच्याशी संपर्क फक्त अधूनमधून राहिला होता. पूर्वी मला यातून एवढंच दिसलं होतं की ओळखी ठेवाव्यात. आज वेगळी गोष्ट दिसली. ही माणसं रोज संपर्कात नव्हती आणि तरी ओळख मेली नव्हती. मग माझ्या एका ओळीने चार वर्षं कशी मरतील?

दादाला विचारलं होतं, माफी मागू का? तो म्हणाला, अजिबात नको. ‘मी उगाच विचारलं’ असं लिहिलं की त्यांना ‘नाही हो, तसं काही नाही’ असं म्हणत बसावं लागेल, म्हणजे पुन्हा माझंच ओझं त्यांच्यावर. दोन-तीन महिने जाऊ दे, म्हणाला. तसं वहीत पुढच्या तिमाहीची तारीख घालून ठेवली. तेव्हाही मागायचं नाही, त्यांच्या उपयोगाचं काही हाताशी असलं तरच लिहायचं.

आणि तारीख लिहिताना मॅडमचं उत्तर पुन्हा उघडलं. या वेळी मधल्या वाक्यावर न थांबता पुढे गेले. ‘इकडे घर बदलायची धावपळ चालू आहे.’

त्यांनी हे मला सांगितलं होतं. कुणी विचारलेलं नसताना. काम नाही म्हटल्यावर तिथेच थांबता आलं असतं, त्या थांबल्या नव्हत्या. मला नकाराच्या पुढे काही वाचताच आलं नाही, आणि वीस दिवस त्या वाक्याला कुणी उत्तर दिलं नाही. मी त्यांना कामापुरतं धरलं असं त्यांना वाटलं असेल, तर ते माझ्या शेवटच्या ओळीपेक्षा या गप्प बसण्यामुळे.

आत्ता लिहिलं: ‘मॅडम, घर लागलं का नीट? नव्या जागेत स्वयंपाकघर आधी लावलंत की पुस्तकं?’

दोनदा वाचलं. खाली काही जोडलं नाही. पाठवलं.