वडोदऱ्याच्या भिंतीवरचा श्लोक अरबीत नेताना

वडोदऱ्याला मी गेले होते ती कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं पाहायला. ‘गंगावतरणा’समोर बराच वेळ बसले, मीरेच्या चित्रापाशी आणखी थोडा. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहायचं आहे. आज लिहिते आहे ते एका साध्या, रंगाने रंगवलेल्या भिंतीविषयी, कारण त्या भिंतीने माझे पुढचे दिवस व्यापून टाकले.

मावशीचं घर दांडिया बाजारात. या भागात अजूनही मराठी कानावर पडतं, मधूनच एखादा गुजराती शब्द सहज मिसळलेला. सकाळी सेवउसळ खाऊन मी रावपुऱ्याकडे चालत निघाले होते. आतल्या एका गल्लीत जुन्या शाळेची लांबलचक भिंत लागली. फिक्या पिवळ्या रंगावर तपकिरी अक्षरांत दोन ओळी होत्या. सयाजीरावांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात शाळेच्या भिंतीवर विद्येचा श्लोक असावा हे शोभूनच दिसत होतं:

विद्या ददाति विनयं विनयाद्याति पात्रताम् ।
पात्रत्वाद्धनमाप्नोति धनाद्धर्मं ततः सुखम् ॥

हितोपदेशाच्या प्रास्ताविकातला हा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून पाठ असतो. मी फोटो काढला आणि मस्कतच्या एका मैत्रिणीला पाठवला. ओमानमध्ये दुभाषी म्हणून काम करत असताना तिची ओळख झाली, ती तिथे शाळेत अरबी शिकवते. तिचं लगेच उत्तर आलं. वर्गात भारतावर एक फलक लावायचा आहे, हा फोटो त्यावर हवा, आणि त्याखाली अरबीत काय लिहायचं ते तू दे. मी विचारलं, अर्थ हवा की उच्चार? ती म्हणाली, मुली वाचून बघणारच, तेव्हा दोन्ही दे.

भाषांतराआधी भिंत नीट वाचावी लागते. दुपारच्या उन्हात काढलेल्या माझ्या फोटोत रंगाचे पोपडे चकाकत होते आणि अर्धी अक्षरं पुसल्यासारखी दिसत होती. संध्याकाळी ऊन तिरपं झाल्यावर पुन्हा गेले. एक पूर्ण भिंतीचा फोटो घेतला, आणि मग प्रत्येक चरणाचे जवळून, भिंतीसमोर सरळ उभं राहून, शेजारच्या फोटोत थोडा भाग परत येईल असे. रात्री काकांसमोर ते फोटो मोठे करून ठेवले. काका निवृत्त संस्कृत शिक्षक.

“हे बघ,” ते म्हणाले, “इथे ‘ध’ची गाठ उडालीय. शिरोरेषा अखंड दिसते, म्हणून तुझ्या फोटोत ‘घनाद्घर्मं’ वाचलं जातंय. घन म्हणजे ढग, घर्म म्हणजे उष्मा. व्याकरणाला चालेल, पण आधीच्या चरणात पात्रतेपासून काय मिळालं, ते बघ.” आधीच्या चरणात ‘धनमाप्नोति’ होतं आणि तिथला ‘ध’ शाबूत होता. प्रश्न मिटला.

दुसरी अडचण खरी होती. पहिल्या ओळीत रंगाऱ्याने ‘विनयाध्याति’ लिहिलं होतं. मूळ पदं ‘विनयात्’ आणि ‘याति’. संधीत ‘त्’चा ‘द्’ होतो आणि ‘द्या’ तयार होतं. ‘द्य’ आणि ‘ध्य’ रंगवताना गल्लत होणं किती सोपं, हे कुठल्याही गावच्या भिंती सांगतील. मग अरबीत काय लिहायचं, भिंतीवर आहे ते की श्लोकात आहे ते? शिलालेखाचा अभ्यास असता तर मी भिंतीशी प्रामाणिक राहिले असते आणि शुद्ध पाठ टीपेत दिला असता. मस्कतच्या मुलींना देवनागरी वाचता येत नाही, त्यांना चूक पडताळता येणार नाही. ती चूक अरबीत नेली तर तोच श्लोक म्हणून पाठ होईल. म्हणून शुद्ध पाठ घेतला, आणि मैत्रिणीला तसं कळवलं.

आता उच्चार. अरबी लिपीत ‘प’ नाही. विशेष नावांसाठी खाली तीन टिंबांचा फारसी ‘पे’ काही जण वापरतात, पण शाळकरी मुलगी तो बहुधा ‘ब’ असाच वाचते. ऱ्हस्व स्वर एरवी लिहिले जात नाहीत, म्हणून प्रत्येक अक्षरावर स्वरचिन्हं द्यावी लागतात. ‘ओ’ नाही, त्यामुळे ‘आप्नोति’चं ‘आब्नूति’ होतं. इथपर्यंत सोसता येतं.

खरा पेच महाप्राणांचा. मी आधी ‘ध’साठी दाल या ‘द’च्या अरबी अक्षरापुढे ‘हा’ हे अक्षर ठेवलं, उर्दूत ‘दोचश्मी हे’ हे अक्षर ठेवतात त्या धर्तीवर. मैत्रिणीला फोनवर म्हटलं, अर्थ न विचारता नुसतं वाच. ‘धनम्’पाशी ती थबकली आणि म्हणाली, “देह्न? कुठलं, ऊदचं?” अरबीत दाल, हा, नून ही अक्षरं म्हणजे तेल किंवा चरबी, आणि आखाती घरांत ‘देह्न अल्-ऊद’ हे अगरूचं अत्तर सगळ्यांच्या ओळखीचं. स्वरचिन्हं होती, पण ओळखीचा शब्द दिसला की डोळा चिन्हांकडे जात नाही.

‘सुखम्’चं तर अजून सांगण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं, अरबीत ‘ख’ आहेच की. तो ‘ख’ घशातून घासून येतो, ‘खबर’मधला. संस्कृत ‘ख’ हा श्वासासह उच्चारलेला ‘क’. काफ या ‘क’च्या अक्षरापुढे ‘हा’ लिहिलं तर अरबी वाचक ‘सुक्-हम्’ असं तोडतो. काकांनी ते ऐकलं आणि टेबलावर बोटांनी ताल धरला. “अनुष्टुभ आहे हा. सम चरणात पाचवं लघु, सहावं गुरु, सातवं लघु. ‘ततः सुखम्’मधलं ‘सु’ सातवं. ‘सुक्’ केलंस की ते गुरु झालं, आणि श्लोक लंगडला.” अरबी छंदशास्त्रही चल आणि अचल अक्षरांच्या हिशोबावर उभं आहे, त्यामुळे माझ्या मैत्रिणीला हे एका वाक्यात पटलं. मी महाप्राण सोडून दिले. ‘दनम्’, ‘दर्मम्’, ‘सुकम्’. श्वास गेला, पण लय राहिली. आजच्या अरबीतही ‘धर्म’ साध्या दालनेच, ‘दारमा’ असा लिहितात, त्यामुळे या निवडीला आधार होता.

‘पात्रताम्’ मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही. दीर्घ स्वरापुढे स्वरहीन अक्षर शब्दाच्या मधोमध आलं की अरबी जीभ अडखळते. ती मधे एक स्वर घालते आणि ‘बातिरताम्’ होतं, म्हणजे चरणात एक अक्षर जास्त. यावर लिपीत इलाज नाही. इलाज म्हणजे ध्वनिमुद्रण. काकांनी श्लोक आधी पदं सुटी करून सावकाश म्हटला, मग संधीसह. तो आवाज मी फोनवर टिपून पाठवला.

ही अडचण जुनी आहे. अकराव्या शतकात अल्-बीरूनीने भारतावरच्या ग्रंथात संस्कृत शब्द अरबी अक्षरांत लिहिले, आणि आपली लिपी हे ध्वनी धरू शकत नाही व नकलाकार ते आणखी बिघडवतात, अशी तक्रार तेव्हाच केली. नुसत्या लिप्यंतरावर विसंबू नये हे मला त्याच्यामुळे अधिक ठामपणे वाटतं. वाचणारा ते पडताळू शकत नसेल तर प्रत्येक नकलेत ते मुळापासून दूर जातं. अर्थ लिहिलेला असला की निदान त्याला पकडून परत येता येतं.

अर्थाकडे मी आनंदाने वळले, कारण इथे अरबी मदतीला धावते. या श्लोकाचं सौंदर्य त्याच्या साखळीत आहे. विनयं, विनयात्, पात्रतां, पात्रत्वात्, धनं, धनात्. प्रत्येक कडीचं टोक पुढच्या कडीत अडकलेलं. साहित्यशास्त्रात याला कारणमाला म्हणतात. अरबी सुभाषितांत ‘यूरिसु’ हे क्रियापद येतं, म्हणजे ‘वारशाने देतं’, आणि तेच शब्द पुन्हा घेऊन साखळी ओवता येते:

अल्-इल्मु यूरिसुत्-तवादुअ, वत्-तवादुउ यूरिसुल्-जदारा, व बिल्-जदारति युनालुल्-माल, व बिल्-मालि यकूनुल्-बिर्र, व मिन्हुस्-सआदा.

शेवटच्या दोन शब्दांत आधी मी ‘सुम्म’ घातलं होतं, ‘त्यानंतर’ अशा अर्थाने. काका म्हणाले, “अगं, ‘ततः’ म्हणजे ‘नंतर’ असंही होतं, पण आधी तीन पंचम्या आल्यात. इथे ‘तस्मात्’ घे. सुख धर्मानंतर येत नाही, धर्मापासून येतं.” म्हणून ‘मिन्हु’, त्यापासून.

आणि धर्म? ‘दीन’ लिहिलं असतं तर पैशाने पंथ मिळतो असा विचित्र अर्थ झाला असता. ‘वाजिब’ म्हणजे कर्तव्य, ते कोरडं पडतं. ‘दारमा’ तसंच ठेवलं तर साखळीतली नेमकी हीच कडी मुलींना अर्थहीन राहते. ‘बिर्र’ म्हणजे सदाचरण, भलाई, आणि कुराणात दुसऱ्या सुरेच्या 177व्या आयतीत ‘बिर्र’ कशाला म्हणावं हे सांगताना, धन प्रिय असूनही ते आप्तांना, अनाथांना, गरजूंना देणं येतं. धनापासून धर्म कसा होतो, हे अरबी वाचकाला या शब्दात न समजावता कळतं. भाषणात किंवा तत्त्वज्ञानाच्या लेखात मी ‘दारमा’च ठेवलं असतं. या फलकावर नाही.

शेवटी मी हे असं लावून दिलं. फोटोच्या लगेच खाली, मोठ्या अक्षरांत, अर्थ. त्याखाली लहान अक्षरांत लिप्यंतर, चार चरण चार ओळींत, सगळी स्वरचिन्हं देऊन. देवनागरी आणि अरबी एका ओळीत आणायची नाही, कारण डावीकडून आणि उजवीकडून चालणाऱ्या लिप्या एकत्र आल्या की विरामचिन्हं आणि आकडे भलतीकडे उडतात. लिप्यंतराशेजारी एकच सूचना: तीन टिंबांचं अक्षर ओठ मिटून, आवाज न घुमवता म्हणायचं. आणि ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवायचं, मुली वाचायला लागायच्या आधी.

मैत्रिणीने विचारलं, भिंतीवरची ती ‘ध्य’ची चूक मुलींना दाखवू का? मी म्हटलं, जरूर दाखव, आणि ‘द्य’ कसा काढतात तेही. काकांनी तो मोठा काढून दिला आहे, त्याचा फोटो पाठवते.