परत आलेलं पाकीट

दुपारच्या टपालात आमचंच एक पाकीट शाखेत परत आलं. पत्ता बडोद्यातल्या मांजलपूरचा, नाव दांडिया बाजारातल्या काकूंचं. तिथला वाडा सोडून काकू आपल्या मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेल्या, तेव्हाच त्यांच्या बचत खात्याच्या केवायसीची मुदत आली होती. कमी जोखमीच्या खात्यांना ती 10 वर्षांनी येते.

मुलाने घरबसल्या अ‍ॅपवरून काम उरकलं. आधी आधारचा ओटीपी टाकला. केवायसी झालं म्हणून हिरवी खूण आली, पण आधारवर वाड्याचा पत्ता होता, म्हणून अ‍ॅपनेही तोच उचलला. बरेच जण ही खूण पाहून अ‍ॅप बंद करतात आणि पुढचं एटीएम कार्ड जुन्या दारी जातं. मुलगा चौकस. त्याने प्रोफाइल उघडून पाहिलं आणि पत्ता बदलल्याचं स्वघोषणापत्र अ‍ॅपमधूनच भरलं.

हे नियमात बसतं. बदल फक्त पत्त्याचा असेल तर ग्राहकाने नुसतं लिहून दिलं तरी चालतं. मात्र तो पत्ता बँकेने 2 महिन्यांच्या आत पडताळायचा असतो. त्यासाठीच आमचं पत्र गेलं होतं आणि तेच परत आलं. मुदतीचे थोडेच दिवस उरले होते.

फोन केला तर मुलगा वैतागला. “साहेब, आई घरातच असते हो! लाइट बिल माझ्या नावावर, वेरा बिल माझ्या नावावर. तिच्या नावाचा कागद आणू कुठून?”

पत्राऐवजी प्रत्यक्ष भेटीनेही पडताळणी होते, म्हणून संध्याकाळी मीच गेलो. वॉचमनला नाव सांगितलं तर म्हणाला, “आ नामनुं कोई नथी.” खालच्या टपालपेटीवर फक्त मुलाचं नाव. पोस्टमनला बोल लावण्यात अर्थ नव्हता. वर काकूंनीच दार उघडलं. ओळख पटवली, भेटीच्या फॉर्मवर त्यांची सही घेतली.

“आता झालं ना रे?” काकूंनी विचारलं.

बँकेपुरतं झालं होतं. पण आधारवर वाडाच होता. पुढे कधी ओटीपीने केवायसी केलं तर तोच पत्ता परत आला असता. मुलाला म्हटलं, माय आधार पोर्टलवर कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलता येतो. अर्ज काकूंच्या लॉगिनमधून करायचा, कुटुंबप्रमुख म्हणून तुमचा आधार क्रमांक द्यायचा, नात्याचा पुरावा जोडायचा. मग तुमच्या लॉगिनमध्ये विनंती येईल, ती 30 दिवसांत मंजूर करायची. नाही केली तर अर्ज बंद होतो आणि भरलेलं शुल्कही जातं. लाइट बिल कोणाच्या नावावर आहे, याचा इथे प्रश्नच येत नाही.

“आणि ओटीपी?” त्याने विचारलं. दोघांच्या आधारला आपापला चालू मोबाइल जोडलेला हवा. काकूंच्या आधारला अजून वाड्यातल्या लँडलाइनच्या जमान्यातला, कधीच बंद पडलेला नंबर असेल, अशी मला धास्ती होती. नव्हता, ओटीपीने केवायसी झालं होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं काकूंनीच हसत सुनावलं.