हॉलमार्क खरा होता, तरी मावशींचे बारा हजार गेले

नाशिकच्या सराफ बाजारात आमचं छोटं दुकान आहे. मागच्या आठवड्यात सिन्नरच्या एक मावशी मुलीच्या लग्नासाठी त्यांचं गंठण मोडायला घेऊन आल्या, सोबत २०२३ चं दुसऱ्या दुकानाचं बिल. गंठण २० ग्रॅम, भाव ५५०० रुपये, मजुरी १८ टक्के, जीएसटी धरून एकूण १,३३,६९४.

आधी हॉलमार्क पाहिला. त्रिकोणी खूण, 22K916 आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, तिन्ही होतं. मोबाईलवर BIS Care अॅपमध्ये Verify HUID ला तो नंबर टाकला तर शुद्धता बरोबर आली आणि दागिन्याचा प्रकारही जुळला. हा प्रकार जुळतोय का ते नक्की बघा, अंगठीचा नंबर गंठणावर निघाला तर तिथेच थांबायचं. दुकानाचं नाव मात्र वेगळं दिसू शकतं, कारण कधीकधी घाऊकवालाच हॉलमार्क करून माल पाठवतो.

म्हणजे सोनं चोख. पण मोड करताना वजन धरलं ते १८.२ ग्रॅम आणि मावशींचा चेहराच उतरला, "भाऊ, बिलावर तर वीस लिहिलंय हो."

मग त्यांच्यासमोरच तसलेच सुटे शंभर काळे मणी काट्यावर ठेवले, बरोबर एक ग्रॅम भरले. गंठणात मणी १८०, म्हणजे १.८ ग्रॅम नुसती काच आणि ती सोन्याच्या भावाने विकलेली, वर तिच्यावर मजुरी पण आणि जीएसटी पण! निव्वळ वजनावर बिल केलं असतं तर १,२१,६६२ च्या आसपास झालं असतं, म्हणजे बारा हजारांचा फटका. मला खरंच वाईट वाटलं, कारण हॉलमार्क बघूनच त्यांनी विश्वास ठेवला होता आणि हॉलमार्क फक्त शुद्धता सांगतो, दागिन्यात सोनं किती ग्रॅम आहे ते नाही सांगत. बोरमाळेत लाख असते, तिथेही हाच प्रश्न येतो. म्हणून बिलावर निव्वळ वजन वेगळं लिहून घ्याच.

मजुरीचं पण सांगतो. १८ टक्के ऐकायला काही वाटत नाही, पण ५५०० च्या भावाने ते ग्रॅममागे ९९० रुपये होतात, आणि भाव वाढला की मजुरीही आपोआप वाढते, कारागिराचं काम तेवढंच असतं. त्यामुळे टक्क्यात सांगितलं तरी ग्रॅमला किती पडतं ते विचारा आणि घडवताना वाया जाणाऱ्या सोन्याची घट वेगळी लावलीय का तेही विचारा. हाताच्या नाजूक कामाला मजुरी जास्त लागणारच, पण मशीनच्या साध्या चेनला तेवढी कशाला द्यायची?

मावशींना बिल घेऊन त्या दुकानात परत जायला सांगितलं. मुलीचं मंगळसूत्र त्यांनी आमच्याकडेच टाकलं आणि मणी ओवायच्या आधी स्वतः काट्यासमोर उभ्या राहून वाट्यांचं वजन वेगळं, मण्यांचं वेगळं लिहून घेतलं.