अक्षता पुसल्या गेल्या, तिथून पुढे

आमचं मूळ दुकान लग्नाच्या शूटिंगचं. वडिलांनी १९८९ मध्ये मिरजेत ते थाटलं आणि पुढची पंधरा वर्षं लग्नं, मुंजी, बारशी व्हीएचएस कॅसेटवर टिपली. तो धंदा आटल्यावर २०११ साली मी आणि धाकट्या भावाने माळ्यावरचे व्हीसीआर खाली काढले आणि लोकांच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागलो.

सुरुवातीला आमची समजूत अशी की चित्रातली घाण नंतर कॉम्प्युटरवर काढता येते. पहिली दोन वर्षं त्यात फुकट गेली. मुंग्यांचा आडवा पट्टा घ्या. फितीवर चित्राचे तिरके पट्टे असतात, एकेक केसापेक्षा अरुंद. हेड त्या पट्ट्यावरून घसरलं की तेवढ्या भागात चित्र वाचलंच जात नाही, नुसत्या मुंग्या येतात. जे वाचलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणणार कसं? तेव्हा ट्रॅकिंगचं, म्हणजे हेड पट्ट्यावर नेमकं बसवण्याचं काम व्हीसीआरवरच संपवायचं. ऑटो ट्रॅकिंग बंद करून बटण हळूहळू फिरवायचं. बहुतेक कॅसेट तिथेच सुधारतात. पट्टा चित्राच्या वरच्या किंवा खालच्या टोकालाच चिकटून राहिला, तर समजायचं की ज्या कॅमेऱ्यावर शूटिंग झालं त्यात फितीची वाटच थोडी वेगळी होती. मग हेड ज्यावर बसवलेली असतात त्या फिरत्या ड्रमच्या दोन्ही बाजूंना फीत धरणारे गाइड पेचकसाने किंचित फिरवावे लागतात. वरच्या टोकाला दोष असेल तर फीत ड्रमकडे येते तिकडचा, खालच्या टोकाला असेल तर बाहेर जाते तिकडचा. हे करून व्हीसीआर बाकीच्या कॅसेटसाठी बिघडतो, म्हणून आम्ही एक जुना यासाठीच वेगळा ठेवलाय. (अगदी तळाच्या चार-सहा ओळी फाटलेल्या दिसतात तो मात्र दोष नव्हे. दोन हेडांची अदलाबदल तिथे होते. जुन्या टीव्हीच्या चौकटीत ते झाकलं जायचं, आम्ही काळं करून झाकतो.)

आता रेघा. फितीवरचा लेप कुठे उडालेला असतो किंवा धुळीचा कण अडकलेला असतो. तेवढा क्षण सिग्नल तुटतो आणि चित्रात पांढरी आडवी चिरक उमटते. ती एकाच फील्डमध्ये, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरती असते. मागच्या-पुढच्या फील्डमध्ये ती जागा स्वच्छ असते, म्हणून ठिपके काढणारं फिल्टर शेजारच्या फील्डमधून ती भरून काढतं. आम्ही खूश होतो.

२०१४ साली सांगलीच्या एका बाई आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. आम्ही फिल्टर चालवून स्वच्छ फाइल दिली. चार दिवसांनी त्या परत आल्या. म्हणाल्या, "दादा, मंगलाष्टकं चालू आहेत, लोक हात उडवतायत, पण अक्षता कुठायत?" लावून पाहिलं, तर खरंच एकही दाणा नव्हता. उडती अक्षता म्हणजे पांढरा ठिपका, एका जागी एका फील्डपुरता. फिल्टरच्या दृष्टीने तीही घाणच!

फिल्टर लावण्याआधीचं मूळ कॅप्चर आम्ही जागा वाचवायला पुसलं होतं. कॅसेट पुन्हा मागून घेतली आणि वेगळी वाट धरली: एकच कॅसेट तीन वेळा उतरवायची. धुळीमुळे पडणाऱ्या रेघा दर फेरीला जागा बदलतात, अक्षता मात्र तिन्ही फेऱ्यांत जिथल्या तिथे. मग प्रत्येक बिंदूच्या उजळपणाच्या तीन किमतींतली मधली घ्यायची. एका फेरीत ६०, दुसरीत ६३ आणि रेघ पडलेल्या तिसरीत २३५ असेल, तर ६३ राहते. आता हे आम्ही ffmpeg या प्रोग्रामने असं करतो:

```
ffmpeg -i a.avi -i b.avi -i c.avi -filter_complex "[0:v][1:v][2:v]xmedian=inputs=3[v]" -map "[v]" -map 0:a -c:v ffv1 -c:a copy out.mkv
```

खरी मेहनत त्याआधी असते. तिन्ही फाइली एकाच फ्रेमपासून सुरू व्हायला हव्यात, आणि कॅप्चर कार्डाने मध्येच एक फ्रेम गाळली तर तिथून पुढे सगळं घसरतं. भाऊ दोन फाइलींची वजाबाकी करून बघतो: जुळलेल्या असतील तर सपाट करडं दिसतं, घसरल्या की माणसांच्या कडा उमटतात. तिथे कापून पुन्हा जुळवायचं.

लेपच उडालेला असेल, तर रेघ तिन्ही फेऱ्यांत येते आणि हा उपाय तिथे चालत नाही. त्या लग्नात अशा चौदा उरल्या. तेवढ्या फील्डचे आकडे टिपून, त्याच फील्डमधल्या वरच्या-खालच्या ओळींवरून हाताने भरल्या. एक बरोबर अंतरपाटाच्या स्वस्तिकावरून गेली होती. तिथे भरलं की स्वस्तिकाचा हात वाकडा व्हायचा. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे रेघ." ती तशीच आहे.

तीन तासांच्या कॅसेटला आता नुसतं उतरवायलाच नऊ तास जातात, म्हणून दर वाढवला. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. मूळ कॅप्चर मात्र गिऱ्हाइकाने फाइल पाहून होकार दिल्याशिवाय पुसत नाही.