पनीर सव्वा किलो कुठे गेलं? किचनच्या रोजच्या स्टॉक शीटचा माझा अनुभव

पन्नास-साठ कव्हरच्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये रोजची स्टॉक शीट बसवायला मला साधारण दीड महिना लागला. पहिली चूक म्हणजे स्टोअरमधले सगळे आयटम शीटवर घेतले. रात्री साडेअकराला मीठ-हळद कोणी मोजत नाही, मग आकडे अंदाजाने भरले जातात. शेवटी चिकन, मटण, पनीर, बटर, क्रीम, काजू, तेल असे महागडे पंधराच आयटम ठेवले. बाकीचे आठवड्यातून एकदा.

शीट अशी: A आयटम, B युनिट, C ओपनिंग, D परचेस, E क्लोजिंग, F वेस्टेज. पुढचे तीन कॉलम म्हणजे प्रत्यक्ष वापर, केओटीप्रमाणे म्हणजे किचनला आलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांप्रमाणे वापर, आणि फरक. केओटीचा आकडा विकलेल्या प्लेट गुणिले रेसिपीतलं वजन असा येतो, तो H मध्ये भरायचा.

```
G2: =C2+D2-E2-F2
I2: =G2-H2
```

एका मंगळवारचं पनीर घ्या. ओपनिंग 4.2 किलो, परचेस 10, क्लोजिंग 3.1, वेस्टेज 0.3. म्हणजे वापर 10.8 किलो. केओटीवर पनीर टिक्का 18 प्लेट, प्रत्येकी 180 ग्रॅम. पनीर बटर मसाला आणि कढई पनीर मिळून 42, प्रत्येकी 150 ग्रॅम. बेरीज 9.54 किलो. फरक 1.26 किलो.

अशा वेळी पहिला संशय चोरीचा येतो. तो बाजूला ठेवून मी आधी फ्रीज उघडतो. तंदूर सेक्शनच्या खालच्या कप्प्यात मॅरिनेट केलेल्या पनीरचा डबा होता. विचारल्यावर उत्तर आलं, "सर, तो उद्याचा माल आहे." उद्याचा असला तरी आज रात्री तो क्लोजिंगच. डब्याचं वजन वजा करून 1.17 किलो भरलं, पण त्यात दही-मसालाही होता. आमच्या रेसिपीत 1 किलो पनीरला 300 ग्रॅम मॅरिनेशन लागतं, म्हणून 1.17 भागिले 1.3, म्हणजे 0.9 किलो पनीर. तेवढं क्लोजिंगमध्ये घातल्यावर फरक 360 ग्रॅमवर आला.

ही चूक रोज झाली तर दिसत नाही, हे मला उशिरा कळलं. रोज रात्री साधारण तेवढाच डबा मोजायचा राहिला, तर आज क्लोजिंग कमी आणि उद्या ओपनिंगही तेवढंच कमी, त्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सोमवारी रात्री टिक्क्याचा सगळा माल संपला होता, डबा रिकामा होता, म्हणून मंगळवारी ती उघडी पडली.

उरलेले 360 ग्रॅम 42 प्लेटवर पसरले तर प्लेटमागे साडेआठ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी हंडी सेक्शनला पाच पोर्शन न सांगता काट्यावर ठेवले. 155 ते 160 ग्रॅम भरले. हात सैल होता, बस. आता दुपारीच 150 ग्रॅमची पाकिटं करून ठेवतात, संध्याकाळी काट्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो.

वेस्टेजच्या कॉलममध्ये सगळ्यात जास्त गोंधळ परत आलेल्या प्लेटचा. ती बदलून दुसरी दिली आणि नवी केओटी फाडली नाही, तर एका केओटीवर दोन प्लेटचा माल जातो. तेव्हा 150 ग्रॅम वेस्टेजमध्ये लिहायचे. केओटी कॅन्सल झाली आणि प्लेट बनलेली होती, तरी लिहायचे. पण गिऱ्हाईकाने बिल भरून अर्धं टाकलं, तर ते वेस्टेज नाही. त्या प्लेटचा माल केओटीत आलेलाच असतो. कांद्याची सालंही वेस्टेजमध्ये नकोत. रेसिपी सोललेल्या वजनात असेल तर मी केओटीचा आकडा 0.9 ने भागून अख्ख्या कांद्यावर आणतो.

चिकनला वेगळंच दुखणं. चलनावर 20 किलो असतं, क्रेट आणि बर्फाचं पाणी सोडून 19.1 भरतं. परचेसमध्ये चलनाचा आकडा लिहिला की ते 900 ग्रॅम पाणी रात्री किचनच्या नावावर पडतं. जाळीवर दहा मिनिटं निथळून, रिकाम्या क्रेटचं वजन वजा करून, आलेला आकडा चलनावरच लिहून डिलिव्हरीवाल्याची सही घ्यावी.

फरक उणे आला तर लोक खूश होतात, माल वाचला म्हणून. मला तो जास्त खटकतो. बहुतेक वेळा संध्याकाळी क्रीम संपतं, कोणीतरी कॅशमधून पैसे घेऊन शेजारच्या डेअरीतून दोन पाकिटं आणतो आणि पावती खिशातच राहते. परचेसमध्ये नोंद नाही, क्लोजिंगमध्ये माल आहे. म्हणून उणे आकडा दिसला की आधी कॅश काउंटरची वही बघतो.