दम लवकर तयार होतो, नडगी उशिरा

"जिना चढतानाच धाप लागते, वजनही वाढलंय. सध्या चालतोय. पळायला कधी आणि कसं लागू?"

सलग अर्धा तास झपझप चालून दुसऱ्या दिवशी पाय ठणकत नसतील, तर लागा. त्याआधी नको. बीपी किंवा शुगर असेल, चालताना छातीत दडपण येत असेल, तर मात्र पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवा.

सुरुवातीला सलग पळायचंच नाही. पाच मिनिटं चालून अंग गरम झालं की एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. असं सहा वेळा करा आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश चाला. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. पळताना शेजारच्याशी एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर वेग कमी करा. बाजूने कुणी भरभर चालत पुढे गेलं तरी चालेल, इतकं हळू पळा.

खरी गडबड होते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंचं असंच झालं. धाप लागणं कमी झालं म्हणून त्या एकदम दहा मिनिटं सलग पळाल्या, तेही लागोपाठ तीन दिवस, आणि नडगीची आतली कड दुखायला लागली. दम काही आठवड्यांत सुधारतो. हाडं आणि स्नायूबंध मजबूत व्हायला महिने लागतात. छाती "पळ" म्हणते तेव्हा नडगी अजून तयार नसते. म्हणून वाढवायचं ते पायांना विचारून.

त्यांचं दुखणं वीतभर पसरलेलं होतं आणि चालताना अंग गरम झालं की कमी व्हायचं. त्यांनी पळणं थांबवलं, दुखणं जाईपर्यंत नुसतं चालल्या, मग पुन्हा एक मिनिटापासून सुरुवात केली. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथे मलम चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

दोन आठवडे एक मिनिट निभावलं की दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. मग तीनला दोन, पाचला दोन. पळण्याची मिनिटं वाढवाल त्या आठवड्यात वेग वाढवू नका, चढावाचा रस्ताही धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाच किंवा नडगी दुखली, तर तोच आठवडा पुन्हा करा. ताईंना सलग वीस मिनिटांवर यायला चार महिने लागले. वजन जास्त असेल तर एवढा वेळ लागेल असं गृहीतच धरा, असं मी सांगतो.