एक तारा देणाऱ्या ग्राहकापर्यंत पोहोचताना: माझा अनुभव

रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. पेट्या आम्ही थेट ग्राहकांच्या घरी पाठवतो. ऐन मे महिन्यात गूगलवर एक तारा पडला: 'भेट म्हणून आलेली पेटी. वरून छान, आतून खराब. केमिकलने पिकवलेले आंबे, शुद्ध फसवणूक.' फोटो नाही, ऑर्डर नंबर नाही, नावाच्या जागी टोपणनाव.

आम्ही कच्चा आंबा पेंढ्यात भरून पाठवतो, कार्बाइड आमच्या आवारातही येत नाही. त्यामुळे 'फसवणूक' हा शब्द फार लागला. आधी रिव्ह्यूची तक्रार केली, पण ती फेटाळली गेली. रिव्ह्यू आपल्याला चुकीचा वाटतो, एवढ्यावरून गूगल तो काढत नाही.

खरी अडचण पुढेच होती. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला खासगी निरोप पाठवायची सोयच तिथे नाही. दुकानदाराला फक्त उत्तर देता येतं, आणि ते सगळ्या जगासमोर. ज्या माणसाशी शांतपणे दोन शब्द बोलायचे, त्याच्यापर्यंत जायचा रस्ताच बंद! याची चीड मला अजून आहे. शेवटी उत्तरात एवढंच लिहिलं: 'आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल मनापासून खेद आहे. फळांचं नक्की काय झालं ते समजून घ्यायचं आहे. कृपया प्रोफाइलवरच्या नंबरवर कळवा, आम्ही वाट पाहतो.' कार्बाइडचा खुलासा तिथे मुद्दाम टाळला. उत्तर दिल्याची सूचना लिहिणाऱ्याला जाते, आणि त्यात वाद दिसला तर तो फोन करणार नाही.

तरीही फोन आला नाही. मग ऑर्डरची वही काढली. टोपणनाव कुठेच जुळेना. त्या आठवड्यातल्या प्रत्येक ग्राहकाला 'तुम्ही लिहिलंत का?' असं विचारणं मला पटेना. जो खूश आहे त्याच्यावर उगाच संशय घेतल्यासारखं होतं. धागा रिव्ह्यूतच होता: भेट. म्हणजे पैसे भरणारा एक आणि खाणारा दुसरा. ज्या पेट्यांचा पत्ता आणि पैसे देणारा वेगळा, तेवढ्याच बाजूला काढल्या आणि पैसे भरणाऱ्यांना साधाच प्रश्न विचारला: 'पेटी नीट पोहोचली ना? फळं कशी निघाली?' ठाण्याचे एक गृहस्थ चाचरत म्हणाले, 'मावशी जरा नाराज आहे.'

मावशींचा नंबर पार्सलच्या लेबलवर होताच. पण तो पार्सल पोहोचवण्यासाठी दिलेला, त्यावर परस्पर फोन करणं बरोबर नाही. मी भाच्यालाच म्हटलं, 'त्यांना विचारा, मी मेसेज केला तर चालेल का?' होकार यायला वेळ लागला. तोवर तो एक तारा रोज डोळ्यांसमोर होता.

मग व्हॉट्सॅपवर लिहिलं:

'नमस्कार मावशी. आपल्या भाच्याने आमच्याकडून पाठवलेली पेटी खराब निघाली असं कळलं. भेटीच्या आंब्यात असं व्हावं याचं फार वाईट वाटलं. कापलेल्या फळाचा फोटो असेल तर पाठवाल का? किती फळं तशी निघाली तेही सांगा. भरपाई आमच्याकडे लागली.'

या मेसेजमध्ये रिव्ह्यूचा उल्लेख नाही. तो आला की समोरच्याला वाटतं, याला आंब्याचं नाही, ताऱ्यांचं पडलंय.

त्यांनी फोटो पाठवला आणि उलगडा झाला. साल निर्दोष, पण गरात पांढुरके, स्पंजासारखे चट्टे. हा साका. हापूसमधला हा दोष फळ झाडावर असतानाच तयार होतो आणि न कापता बाहेरून ओळखता येत नाही. केमिकलशी त्याचा संबंध नाही. हे मी त्यांना सांगितलं, पण भरपाई ठरल्यानंतर. आधी सांगितलं असतं तर ती सबब वाटली असती. पाच डझनांत नऊ फळं तशी होती, आम्ही एक डझन पाठवली. भेटीचे पैसे भाच्याचे, म्हणून मावशींना पैसे परत न देता फळंच दिली.

ती पिकून खाऊन झाली, त्यांचा 'गोड निघाले' असा मेसेज आला, तेव्हाच पुढचं लिहिलं: 'आता आपल्याला योग्य वाटत असेल, तर गूगलवरच्या रिव्ह्यूत पुढे काय झालं तेही लिहाल का? तुमचं मत तुमचंच, बदललं नाहीत तरी काही हरकत नाही.' 'पाच तारे द्या' म्हणू नका आणि बदलाच्या मोबदल्यात सूट किंवा पेटी देऊ नका. रिव्ह्यू बदलण्यासाठी आमिष दाखवणं गूगलच्या नियमांत बसत नाही. म्हणूनच भरपाई आधी, बिनशर्त. बदलायचा कसा, हे त्यांनीच विचारलं: मॅप्समध्ये आपल्या रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांवर दाबून तो संपादित करता येतो. नवा लिहावा लागत नाही.

मावशींनी चार तारे केले. 'फसवणूक' गेलं, 'साका निघाला, बदलून दिले' आलं. खराब फळांचा उल्लेख त्यांनी ठेवला आणि तो योग्यच आहे.

एक राहिलंच. रिव्ह्यू बदलला तरी आपलं जुनं उत्तर खाली तसंच राहतं. आमचं 'कृपया कळवा, वाट पाहतो' चार ताऱ्यांखाली विसंगत दिसत होतं. तेही त्याच दिवशी बदलून घ्या.